सत्तर मिनिटं, पाचशे एमबी

वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं सत्तर मिनिटांचं एक व्याख्यान. ट्रायपॉडवर लावलेला साधा अँड्रॉइड फोन, आणि कार्यक्रम संपल्यावर हातात आलेली फाइल जवळजवळ नऊ जीबीची. सभासदांच्या ग्रुपवर ती टाकायला जावं तर व्हॉट्सअ‍ॅप दारातच अडवतं, कारण डॉक्युमेंट म्हणून पाठवली तरी तिथे 2 जीबीच्या वरची फाइल जात नाही. मग नेहमीचे उपाय सुरू होतात. कुणी तिचे पाच-सहा तुकडे करतं, कुणी जाहिरातींनी भरलेलं एखादं ‘व्हिडिओ कॉम्प्रेसर’ अ‍ॅप उतरवतं, कुणी झिप करून बघतं. झिप करणाऱ्याच्या पदरी सगळ्यात मोठी निराशा येते. अर्धा तास घालवून नऊ जीबीचे फार तर काही एमबी कमी होतात. त्यात झिपचा दोष नाही. फोनने व्हिडिओ साठवतानाच तो पिळून घेतलेला असतो, पुन्हा पिळायला त्यात ओल उरलेली नसते.

किती पिळलेला असतो, याचा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. 1080पी म्हणजे एका चित्रात 1920 गुणिले 1080, साधारण वीस लाख ठिपके. सेकंदाला अशी तीस चित्रं. ती जशीच्या तशी साठवली तर एका सेकंदाला सुमारे 93 एमबी जागा लागेल. फोनने हे व्याख्यान साठवलं ते सेकंदाला जेमतेम 2 एमबी दराने. म्हणजे पंचेचाळिसातले चव्वेचाळीस भाग त्याने जागच्या जागी टाकून दिले आणि तरी आपल्याला चित्र स्वच्छ दिसतं.

हे कसं जमतं? दोन चित्रांमध्ये फारसा फरक नसतो म्हणून. वक्त्यामागचा पडदा, टेबलावरची फुलदाणी, भिंतीवरचा फलक सत्तर मिनिटं जागचे हलत नाहीत. म्हणून अधूनमधून एक चित्र पूर्ण साठवायचं आणि त्यानंतरच्या चित्रांत फक्त बदल नोंदवायचा, अशी ही पद्धत आहे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनासाठी ‘हा मघाच्याच चित्रातला, फक्त चार ठिपके डावीकडे सरकलाय’ असा शेरा लिहिला जातो. शेरा अचूक असेल तर वेगळं काही साठवावं लागत नाही. तो चुकला तर उरलेला फरक लिहून काढावा लागतो आणि तिथे जागा जाते.

खरी गोम इथेच आहे. अचूक शेरा शोधायला वेळ लागतो, आणि फोनकडे तो नसतो. चित्रीकरण चालू असताना एका चित्राचा निकाल त्याला सेकंदाच्या तिसाव्या भागात लावायचा असतो. बॅटरी जपायची असते, अंग तापू द्यायचं नसतं. म्हणून तो जवळपास शोधतो, बरं सापडलं की तेवढ्यावर भागवतो, आणि चित्र खराब दिसू नये म्हणून जागा सढळ हाताने खर्च करतो. एस.टी. सुटायच्या बेतात असताना भरलेली बॅग असते तशी ही फाइल. सामान तेच, पण घड्या नाहीत. तीच बॅग रात्री निवांत बसून भरली तर निम्म्याहून लहान होते. संगणकावरचं चांगलं सॉफ्टवेअर हेच करतं. पुढचीमागची चित्रं चाळून, दहा ठिकाणी शोधून, जिथे डोळ्याला कळणार नाही तिथून जागा काढून घेतं.

मेसेजिंग अ‍ॅपने आपणहून लहान केलेला व्हिडिओ इतका पिचका का दिसतो, याचं उत्तरही यातच आहे. तेही काम फोनवरच होतं, घाईतच होतं, आणि वर मोजमापही बरंच खाली आणलं जातं. ‘एचडी’चं बटण दाबलं तर थोडं बरं दिसतं, पण पिळण्याचं काम अ‍ॅपच्याच हाती राहतं. तेव्हा धोरण सोपं आहे. लहान करण्याचं काम आपण, संगणकावर, सवडीने आणि एकदाच करायचं, आणि मग अ‍ॅपला त्या फाइलला हात लावू द्यायचा नाही.

आता किती लहान करायचं ते ठरवू. इथे बहुतेकांचं लक्ष रिझोल्यूशनकडे जातं, पण फाइलचं आकारमान ठरतं ते बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवली जाते त्यावर. एक आकडा पाठ करून ठेवावा: 1000 केबीपीएस बिटरेट म्हणजे मिनिटाला साडेसात एमबी. बाकी सगळं त्रैराशिक. आपल्या व्याख्यानाचा मूळ बिटरेट सुमारे 17,000 होता, म्हणजे मिनिटाला साधारण 127 एमबी आणि सत्तर मिनिटांचे 8.9 जीबी. तोच एक हजारावर आणला तर सत्तर मिनिटांची फाइल 525 एमबीची होईल.

2 जीबीची मुभा असताना पाचशेच कशाला, असं कुणी विचारेल. ग्रुपवरचे निम्मे सभासद साठीच्या पुढचे असतात आणि त्यांच्या फोनमधली जागा सुप्रभातच्या फुलांनी आधीच भरलेली असते. दिवसाला दीड जीबी डेटा मिळणाऱ्या माणसाला दीड जीबीचं व्याख्यान पाठवणं म्हणजे त्याचा दिवसच मागून घेणं. पाचशे एमबी वाय-फाय नसलेल्या माणसालाही झेपतात.

पण एक हजार केबीपीएसमध्ये चित्र बरं दिसेल का? 1080पी ठेवलं तर ओढाताण होते. 720पी केलं तर ठिपके वीस लाखांवरून नऊ लाखांवर येतात आणि प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला दुपटीहून जास्त माहिती येते. सहा-साडेसहा इंची पडद्यावर हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला 720 आणि 1080 मधला फरक सहसा कळत नाही, चौकोन पडलेले मात्र लगेच कळतात. उपाशी 1080पेक्षा पोट भरलेलं 720 केव्हाही चांगलं, असं माझं मत आहे. पडद्यावर बारीक अक्षरांच्या स्लाइड्स असतील तर मात्र 1080च ठेवावं, कारण अक्षरांच्या कडा बसल्या की वाचताच येत नाही.

कामासाठी हँडब्रेक हे सॉफ्टवेअर पुरतं. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. फाइल त्यात ओढून टाकली की प्रीसेटच्या यादीतून `Fast 720p30` निवडायचं. त्यानंतर तीन-चार ठिकाणीच हात लावायचा आहे. `Summary` पानावर फॉरमॅट MP4 ठेवून `Web Optimized` वर खूण करायची. त्यामुळे फाइलची अनुक्रमणिका शेवटी न राहता सुरुवातीला येते, आणि जिथे सोय असेल तिथे फाइल पूर्ण उतरण्याआधीच ती बघता येते. `Video` पानावर एन्कोडर म्हणून `H.264 (x264)` आहे याची खात्री करायची आणि `Encoder Preset` ची पट्टी `Slow` पर्यंत सरकवायची. सवडीने काम कर, असं सॉफ्टवेअरला सांगणं ते हेच. साध्या लॅपटॉपला यात तास-दीड तासही लागू शकतो. घाई असणाऱ्यांना एन्कोडरच्या त्याच यादीत ग्राफिक्स चिपकडून काम करून घेणारे पर्याय दिसतील. ते झपाट्याने उरकतात, पण तेवढ्याच दर्जासाठी फाइल मोठी करतात. आपण फोनच्या ज्या घाईतून सुटायला निघालो होतो, तीच पुन्हा आली.

एच.265 नावाची नवी पद्धत याहून कमी जागेत तेच चित्र बसवते. ती का नाही वापरायची? आपल्या एकट्यासाठी साठवायचं असेल तर जरूर वापरावी. पण दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये जुने फोन असतात, आणि विंडोजच्या कितीतरी संगणकांवर एच.265 चालवायला वेगळा तुकडा विकत घ्यावा लागतो. ‘आवाज येतोय, पडदा काळा’ असे दहा निरोप यायला लागले की वाचवलेल्या शंभर-दीडशे एमबींचं कौतुक उरत नाही. 2003 साली आलेलं एच.264 म्हातारं झालं असलं तरी ते चालत नाही असा फोन शोधून सापडणार नाही.

आता उरतो दर्जा सांगण्याचा प्रश्न. हँडब्रेकमध्ये त्याचे दोन मार्ग आहेत. `Avg Bitrate` मध्ये 930 लिहून `Multi-Pass Encoding` वर खूण केली, तर सॉफ्टवेअर आधी सगळा व्हिडिओ चाळतं, कुठे हालचाल जास्त, कुठे कमी ते टिपून घेतं आणि मग ठरलेली शिधासामग्री त्याप्रमाणे वाटतं. एक हजारातले 64 केबीपीएस आवाजासाठी राखायचे, म्हणून हा 930चा आकडा. यात फाइल किती मोठी होणार हे आधी कळतं, चित्र कसं येईल ते कळत नाही. दुसरा मार्ग `Constant Quality`. इथे RF नावाचा एक आकडा द्यायचा असतो. आकडा जितका लहान तितका दर्जा वरचा. सहाने वाढवला की फाइल ढोबळमानाने निम्मी होते. या मार्गाने चित्र कसं येईल ते ठरतं, आकारमान मात्र काम झाल्यावर कळतं.

मी दुसऱ्या मार्गाने जातो, पण आधी तुकडा भाजून बघतो. हँडब्रेकमध्ये `Range` च्या ठिकाणी सेकंद निवडून मधलीच दोन मिनिटं घेता येतात. सुरुवातीची घेऊ नयेत, तिथे दीपप्रज्वलनाची लगबग असते आणि अंदाज चुकतो. व्याख्यानाच्या मधल्या दोन मिनिटांचा RF 24ला साधारण 13 एमबीचा तुकडा निघाला. म्हणजे मिनिटाला साडेसहा, सत्तर मिनिटांना साडेचारशेच्या आसपास. पाचशेच्या आत, आणि चित्रही स्वच्छ. तुकडा वीस एमबीचा आला असता तर RF 27 करून पुन्हा पाहिलं असतं.

ज्यांना कमांड लिहायला हरकत नाही त्यांच्यासाठी हेच काम एफएफएमपेगमध्ये असं होतं:

```
ffmpeg -i vyakhyan.mp4 -vf scale=-2:720 \
 -c:v libx264 -crf 24 -preset slow \
 -pix_fmt yuv420p -c:a aac -b:a 64k -ac 1 \
 -movflags +faststart lahan.mp4
```

इथला `crf` म्हणजे हँडब्रेकचा RFच. `-i` च्या आधी `-ss 00:30:00 -t 120` लिहिलं तर तिसाव्या मिनिटापासूनचा दोन मिनिटांचा तुकडा मिळतो. `-ac 1` मुळे आवाज एका वाहिनीवर येतो. एकटा माणूस बोलत असेल तर त्यात काही बिघडत नाही आणि 64 केबीपीएस पुरतात. गाण्याची मैफल असेल तर मात्र आवाजाला दोन्ही वाहिन्या आणि 128 तरी द्यावेत. सत्तर मिनिटांना त्याचे 67 एमबी होतात, आणि तानपुऱ्याच्या आवाजावर तेवढे खर्च करायला हरकत नसावी.

व्याख्यान हे सोपं गिऱ्हाईक आहे. हीच कृती गणपतीच्या मिरवणुकीवर करून बघितली की सगळे हिशेब कोलमडतात. ढोल-ताशा पथक, हातात धरलेला फोन, उधळलेला गुलाल, वरून पडणारे चमकीचे कागद आणि रात्रीची वेळ. तोच RF 24, तेच 720पी, पण दोन मिनिटांचा तुकडा ऐंशी एमबीच्या घरात जातो. गुलालाचा प्रत्येक कण आपल्या मर्जीने उडतो, त्याला ‘चार ठिपके डावीकडे’ असा शेरा लागू पडत नाही. फोन हातात असल्याने सगळं चित्रच डुलत असतं. आणि अंधारात फोनचा कॅमेरा जी बारीक कणकण दाखवतो, ती दर चित्रात नवी असते. सॉफ्टवेअरला ती कणकण आणि खरा तपशील यांतला फरक कळत नाही, ते दोन्ही इमानेइतबारे साठवत बसतं.

इथे एक हजार केबीपीएसचा हट्ट धरला तर ढोलवादकांच्या चेहऱ्यांचे चौकोन होतात. काय करता येईल? `Filters` पानावर `Denoise` मध्ये `NLMeans` हलक्या मात्रेत, म्हणजे `Light` ला लावला तर ती कणकण बसते आणि फाइल चांगलीच उतरते. जास्त मात्रेत लावला तर चेहरे मेणाचे दिसतात. सेकंदाला साठ चित्रं घेतली असतील तर तीस करावीत. तीसची चोवीस मात्र करू नयेत, चित्रं समान अंतराने गळत नाहीत आणि चाल अडखळल्यासारखी दिसते. रिझोल्यूशन 540पर्यंत उतरवता येतं. पण सगळ्यात गुणकारी उपाय कात्री हाच आहे. पन्नास मिनिटांची मिरवणूक ज्याने चित्रित केली तोसुद्धा पूर्ण बघत नाही. त्यातली उत्तम सहा-सात मिनिटं काढून चांगल्या दर्जाने पाठवली तर ती बघितली जातात. लॉसलेसकट नावाचं मोफत सॉफ्टवेअर पुन्हा न पिळता असे तुकडे काढतं. त्यात सुरुवातीचा काप कधी कधी एक-दोन सेकंद इकडेतिकडे सरकतो, कारण पूर्ण साठवलेलं चित्र जिथे असेल तिथूनच त्याला कापता येतं.

फाइल तयार झाली की ती तपासायची कुठे, हेही ठरलेलं असावं. वक्त्याचा चेहरा बघून काही कळत नाही, तिथे सॉफ्टवेअर आधीच काळजी घेतं. बघायचे ते अंधारे कोपरे, एकरंगी पडदा आणि केस. अंधारात चौकोन पडतायत का? मागच्या पडद्यावर रंगाच्या पायऱ्या दिसतायत का? केसांचा एकच काळा गोळा झालाय का? फलकावरच्या अक्षरांभोवती डास घोंगावल्यासारखं काही हलतंय का? यांतलं काही दिसलं तर RF दोन-तीनने खाली आणायचा. मग थेट शेवटच्या पाच मिनिटांवर जाऊन ओठ आणि आवाज जुळतात का ते बघायचं. बरेच फोन चित्रांचा वेग प्रकाशाप्रमाणे कमीजास्त करत असतात, आणि काही सॉफ्टवेअरना ते झेपत नाही. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं, शेवटाला आवाज अर्धा सेकंद पुढे धावत असतो. तसं झालं तर हँडब्रेकमध्ये `Constant Framerate` निवडून पुन्हा करावं. आयफोनवर एचडीआर चालू ठेवून चित्रण केलं असेल तर लहान केल्यावर रंग धुतल्यासारखे फिके पडू शकतात. त्यावरचा सोपा इलाज चित्रणाआधीचा आहे: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद ठेवणं.

त्याच सेटिंगमध्ये आयफोन दर मिनिटाला किती जागा लागेल तेही लिहून दाखवतो. 1080पीला तीस चित्रांच्या वेगाने मिनिटाला साधारण 60 एमबी, आणि 4केला साठ चित्रांच्या वेगाने 400. जे शेवटी ग्रुपवरच जाणार आहे ते 4के-साठवर चित्रित करण्यात काही हशील नाही.

आता पाठवणी. संगणकावरची फाइल केबलने किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या संगणकावरील आवृत्तीतून न्यावी, पण पाठवताना फोटो-व्हिडिओच्या चिन्हावर बोट ठेवू नये. ‘डॉक्युमेंट’ निवडून तिथून फाइल उचलावी. गॅलरीतून पाठवली की अ‍ॅप तिला पुन्हा पिळण्याची शक्यता असते आणि आपली तास-दीड तासाची मेहनत वाया जाते. डॉक्युमेंट म्हणून गेलेली फाइल बाइट-न-बाइट तशीच पोचते. त्याचा तोटाही आहे: घेणाऱ्याला ती आधी पूर्ण उतरवावी लागते, मगच बघता येते. काही ज्येष्ठ सभासदांना ‘हा व्हिडिओ आहे, कागद नव्हे, दाबून उघडा’ असं सोबत लिहून कळवावं लागतं. टेलिग्रामवरही फुकटच्या खात्याला मर्यादा 2 जीबीचीच आहे, पण तिथे व्हिडिओ उतरत असतानाच बघता येतो. `Web Optimized` ची खूण तिथे कामी येते. ग्रुपवर टाकण्याआधी फाइल एकदा स्वतःलाच पाठवून, फोनवर उतरवून, आकारमान जुळतंय का ते बघावं. संगणकावर 455 एमबीची असलेली फाइल फोनवर 90ची दिसली, तर ती वाटेत कुणीतरी पिळली, हे उघड आहे.

संगणक जवळ नसेल तर फोनवरची अ‍ॅप्स आहेत, पण ती निवडताना एवढं बघावं की बिटरेट आणि रिझोल्यूशन आपल्याला ठरवू देतात का, आणि काम फोनवरच करतात का. व्हिडिओ अपलोड करून लहान करून देणाऱ्या वेबसाइटवर घरचं लग्न किंवा बारसं चढवणं मला तरी पटत नाही. नऊ जीबी आधी चढवायचे, मग पाचशे एमबी उतरवायचे, हा व्यवहारही आतबट्ट्याचाच.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. सुरुवात मूळ फाइलपासूनच व्हायला हवी. चार ग्रुप फिरून आलेल्या व्हिडिओत जे टाकून दिलं गेलं ते परत येत नाही. तो RF 18ने पुन्हा केला तर फाइल फुगते आणि जुने चौकोनच जास्त निगुतीने साठवले जातात. कुणी ‘हा जरा साफ करून दे’ म्हणून असा व्हिडिओ पाठवला, तर मूळ चित्रण कुणाच्या फोनमध्ये आहे ते आधी विचारावं. बहुतेक वेळा ते कुणीतरी जागा होत नाही म्हणून आदल्याच आठवड्यात पुसलेलं असतं.